मृत्युपत्र करायचंय? मालकी तपासण्यापासून साक्षीदारांच्या सहीपर्यंत, कशानंतर काय करायचं

लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा तयार ड्राफ्ट घेऊनच. नेटवरून डाउनलोड केलेला असतो, नाहीतर शेजारच्या काकांच्या मृत्युपत्रात नावं बदलून केलेला असतो, आणि म्हणणं एकच, "मॅडम, फक्त एकदा नजर टाका, उद्या सह्या करून टाकू." आता नजर टाकल्यावर भाषेत सहसा फार मोठी चूक सापडत नाही, कारण मृत्युपत्राला कायद्याची जड भाषा लागतच नाही, साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं. चूक असते ती ड्राफ्टच्या आधी आणि ड्राफ्टच्या नंतर. आधी म्हणजे जे आपलं नाहीच ते वाटून टाकलेलं असतं, आणि नंतर म्हणजे साक्षीदारांच्या सह्या कशाही घेतलेल्या असतात. म्हणून हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हे सगळं नीट केलं तरी "कोणी कोर्टात जाणार नाही" असं मी कोणाला लिहून देत नाही आणि कोणत्याही वकिलाने देऊ नये. नाराज वारसाला दावा टाकण्यापासून कागद थांबवू शकत नाही. दावा टाकलाच तर आपल्या बाजूला पुरावा काय असेल, एवढंच आज आपल्या हातात आहे. आणि ही काही जाहिरात नाही, ती करायला बार काऊन्सिलच्या नियमांनुसार आम्हाला बंदीच आहे.

खाली जे आहे ते भारतातल्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना धरून लिहिलंय. मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला वेगळे नियम आहेत, तिथे साधारणपणे एक तृतीयांशाची मर्यादा येते, आणि ख्रिश्चन, पारशी कुटुंबांसाठीही काही कलमं वेगळी लागतात, त्यामुळे त्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा ७२ वर्षांच्या एक आजी आहेत. पती काही वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले, सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या. दोन मुलगे, एक मुलगी. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा घेतलेला, बँकेत काही एफडी, थोडे दागिने. आजींना फ्लॅट मुलीला द्यायचाय कारण ती सांभाळते, आणि एफडी दोन्ही मुलग्यांना सारख्या.

१. आधी कागद, मग इच्छा

पहिल्या भेटीला "कोणाला काय द्यायचं" याची यादी आणू नका, "माझ्या नावावर काय आहे" याचे कागद आणा. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शेती असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि जमीन आपल्याकडे कशी आली ते दाखवणारा फेरफार. शहरातल्या प्लॉटला प्रॉपर्टी कार्ड. बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड यांचं प्रत्येकी एक स्टेटमेंट पुरतं. ज्यांच्याकडून वारसा आलाय त्यांचा मृत्यू दाखला, आणि घरात आधी कोणाचं मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र झालं असेल तर त्याची प्रत, मग ती कितीही जुनी असो.

आपल्या आजींचे कागद बघू. त्या म्हणतात फ्लॅट आता माझाच आहे, सोसायटीत यांच्यानंतर माझं एकटीचं नाव लागलंय. नाव लागलंय हे खरं, पण ते नॉमिनी म्हणून लागलं, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पतीचा निम्मा हिस्सा त्यांच्या मृत्यूच्या दिवशीच हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पत्नी आणि तीन मुलं अशा चौघांत सारखा विभागला गेला. निम्म्याचे चार भाग म्हणजे प्रत्येकाला एक अष्टमांश. आजींचा स्वतःचा निम्मा म्हणजे चार अष्टमांश, अधिक हा एक, म्हणजे एकूण पाच अष्टमांश. उरलेले तीन अष्टमांश आजच तिन्ही मुलांचे आहेत, कोणी मागितले नसले तरी.

आता आजींनी "माझा संपूर्ण फ्लॅट मुलीला" असं लिहिलं तर काय होईल? मुलीला आईचे पाच आणि स्वतःचा एक असे सहा अष्टमांश मिळतील, आणि प्रत्येक भाऊ "वडिलांकडून आलेला माझा एक अष्टमांश" म्हणून उभा राहू शकेल. (त्याच मृत्युपत्रातली एफडी घेऊन वर हा हिस्साही मागता येतो का, हा आणखी वेगळा वाद, त्यावर दोन्हीकडून वकील तासभर बोलतील.) व्यवहारात याचा अर्थ असा की मुलगी फ्लॅट विकायला काढेल तेव्हा घेणाऱ्याचा वकील दोन्ही भावांच्या सह्या मागणार.

उपाय मृत्युपत्रात नाही, त्याच्या आधी आहे. मुलं राजी असतील तर तिघांनीही आपापल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र आईच्या नावे करायचं आणि ते नोंदणीकृत करायचं, हे साध्या कागदावर लिहून भागत नाही. मग आई पूर्ण फ्लॅटची मालक, मग मृत्युपत्र. राजी नसतील तर मृत्युपत्रात "सदर सदनिकेत माझा जो काही हक्क, हिस्सा व हितसंबंध आहे तो सर्व" असं लिहायचं, आणि मुलीला आजच सांगायचं की पूर्ण फ्लॅट मिळेल असं धरून चालू नकोस.

*इथे थांबून तपासा:* यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे "माझ्याकडे कशी आली" हे एका ओळीत लिहिता येतंय का? स्वतः घेतली, वडिलांकडून आली, पतीकडून आली, वाटणीत आली. जिथे ही ओळ लिहिता येत नाही तिथेच पुढे भांडण असतं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर आपल्यापुरता हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण हिस्सा किती हे २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना धरून मोजावं लागतं. आणि शेतजमीन कुटुंबाबाहेरच्या, शेतकरी नसलेल्या माणसाला द्यायची असेल तर ड्राफ्टच्या आधी विचारा, कारण तिथे जमिनीचे कायदे आडवे येतात.

२. नॉमिनी एकदा जुळवून घ्या

आजींच्या एफडीला नॉमिनी मोठा मुलगा आहे, आणि मृत्युपत्रात एफडी दोघांना सारख्या. बँक पैसे कोणाला देणार? नॉमिनीला. बँकेचं काम तिथे संपलं, पण मोठ्याने ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे धाकट्याला अर्धे द्यायचे असतात. शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. विम्यात मात्र जोडीदार, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर गणित वेगळं आहे, तिथे "नॉमिनी म्हणजे फक्त ट्रस्टी" असं सरसकट धरू नका.

कायदा काहीही म्हणो, पैसे एकदा एकाच्या खात्यात गेले की दुसऱ्याला मागत बसावं लागतं. म्हणून शक्य असेल तिथे नॉमिनी आणि मृत्युपत्र एकाच दिशेला ठेवा.

३. वकिलाशी एकट्याने बोला

मुलगी आईला घेऊन येते, आईच्या वतीने तीच बोलते, फी तीच देते, आणि फ्लॅटही तिलाच मिळणार असतो. मनात काही वाईट नसलं तरी उद्या कोर्टात हे फार वाईट दिसतं. सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तो संशय दूर करणं हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याचं काम आहे, आणि ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेणं हा अशा परिस्थितीतला नेहमीचा मुद्दा आहे. म्हणून मी मुलीला बाहेर बसायला सांगते. राग येतो लोकांना, येऊ दे.

आत आजींना मी तीन-चार साधेच प्रश्न विचारते. मुलं किती, काय करतात, मालमत्ता कोणती, मुलग्यांना फ्लॅटमध्ये काही का नाही. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मृत्युपत्रातही एका ओळीत यावं असं माझं मत आहे, कारण जवळच्या वारसाला वगळलं आणि कारण कुठेच नाही, हाही पुढे संशयाचा मुद्दा होतो. पण कारण लिहा, राग लिहू नका. "दोन्ही मुलग्यांची स्वतःची घरे आहेत व मुलगी माझा सांभाळ करते" एवढं पुरे. "मोठ्याने मला कधी विचारलं नाही, सुनेने छळलं" असं लिहिलं की मुलगा मालमत्तेसाठी नाही तरी त्या वाक्यासाठी कोर्टात येतो.

४. ड्राफ्ट: चार जागी नीट बघा

कोण लिहितंय, वय, पत्ता, "हे माझे शेवटचे मृत्युपत्र, आधीची सर्व रद्द", हे सगळ्या नमुन्यांत असतंच, त्यावर वेळ घालवत नाही. नमुन्यात सहसा जे नसतं किंवा चुकतं ते असं.

एक, वर्णन. स्थावर मालमत्तेचं वर्णन खरेदीखतात आहे तसंच उतरवा, फ्लॅट नंबर, मजला, इमारत, सर्व्हे किंवा सिटीएस नंबर सगळं. पण एफडीच्या बाबतीत उलटं करा. पावतीचा नंबर आणि रक्कम लिहिली की पुढच्या वर्षी एफडी मोडली किंवा दुसऱ्या बँकेत टाकली की ती विशिष्ट वस्तू उरतच नाही, आणि ती ज्याला दिली त्याच्या हाती काही येत नाही असा प्रसंग येतो. त्यापेक्षा "माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर कोणत्याही बँकेत ज्या ठेवी व शिल्लक असतील त्या दोन्ही मुलग्यांना समान" असं लिहा, सध्याच्या खात्यांची यादी हवी तर माहितीसाठी सोबत ठेवा.

दोन, घेणारा आधी गेला तर? आपलं मूल आधी गेलं आणि त्याला मुलंबाळं असतील तर कायदा साधारणपणे तो हिस्सा वाया जाऊ देत नाही, पण भाचा, बहीण, मित्र यांना दिलेलं त्यांच्या आधीच्या मृत्यूने रद्द होऊ शकतं. दोन्हीकडे "ते हयात नसल्यास अमुक यांना" ही ओळ घालाच.

तीन, उरलेली मालमत्ता. दागिने राहून गेले, नंतर घेतलेला म्युच्युअल फंड राहून गेला, थकलेला पेन्शनचा फरक आला. "वर न लिहिलेली व यापुढे मिळणारी सर्व मालमत्ता अमुक यांना" हे वाक्य नसेल तर तेवढ्यापुरता मामला पुन्हा वारसाहक्काच्या कायद्यावर जातो आणि दोन बांगड्यांसाठी सगळे वारस सह्या करत बसतात.

चार, एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. लाभ घेणारा माणूसही एक्झिक्युटर होऊ शकतो, त्याला बंदी नाही. मात्र त्याला आधी विचारा आणि वयाने आपल्यापेक्षा लहान निवडा.

*सावधान:* ड्राफ्ट फायनल झाल्यावर प्रिंटवर पेनाने खाडाखोड करू नका. प्रत्येक बदलाजवळ मृत्युपत्र करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही लागते, ती राहिली तर बदल धरला जात नाही. पुन्हा प्रिंट काढा, कागद स्वस्त आहे.

५. साक्षीदार कोण

दोन साक्षीदार लागतात, त्यांना आतला मजकूर माहीत असण्याची गरज नाही. निवडताना एवढंच बघा की उद्या या माणसाला कोर्टात उभं राहून "मी पाहिलं" असं सांगावं लागू शकतं. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार हयात असेल आणि येऊ शकत असेल तर त्याला तपासावंच लागतं, पूर्वी पुरावा कायद्यात हे होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमातही तसंच आहे. म्हणून आजींच्या भिशीतल्या ७५ वर्षांच्या मैत्रिणी प्रेमाच्या असल्या तरी साक्षीदार म्हणून नकोत. पन्नाशीच्या आतला, ओळखीचा, सहज सापडेल असा माणूस हवा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो नको, त्याचा नवरा किंवा बायकोही नको.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही. पण वय जास्त असेल, नुकतंच आजारपण झालं असेल तर घ्या, आणि सहीच्या दिवशीचंच घ्या. सहा महिने जुन्या सर्टिफिकेटवरून त्या दिवशीची मनःस्थिती कळत नाही. नेहमीचे फॅमिली डॉक्टर स्वतःच साक्षीदार व्हायला तयार असतील तर त्याहून चांगलं.

६. सहीचा दिवस

इथे सगळ्यात जास्त चुकतं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चं कलम ६३ काय मागतं ते सोप्या भाषेत सांगायचं तर, करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, प्रत्येक साक्षीदाराने ते पाहिलेलं असावं किंवा करणाऱ्याने "ही सही माझीच" असं त्याला स्वतः सांगितलेलं असावं, आणि प्रत्येक साक्षीदाराने सही करायची ती करणाऱ्याच्या समोर. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, पण मी तरी सगळ्यांना एकाच खोलीत, एकाच बैठकीत बसवते, म्हणजे नंतर उलटतपासणीत गोंधळ नको.

क्रम असा ठेवा. आधी मृत्युपत्र आजींना मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हणायचं. मग आजी प्रत्येक पानावर खाली आणि शेवटच्या पानावर पूर्ण सही करतील, तारीख तेव्हाच पेनाने लिहायची, आधी टाइप करून ठेवायची नाही. मग पहिला साक्षीदार, मग दुसरा, नाव-पत्त्यासकट. तोपर्यंत कोणी उठून चहा करायला किंवा फोन घ्यायला बाहेर जायचं नाही, फोन सायलेंटवर. साक्षीदारांच्या सह्यांच्या वर हा मजकूर असू द्या:

"वरील मृत्युपत्रावर श्रीमती ______ यांनी आमच्या समक्ष सही केली असून त्यानंतर त्यांच्या समक्ष आम्ही प्रत्येकाने साक्षीदार म्हणून सही केली आहे."

अंगठा असेल किंवा वाचता येत नसेल तर "मजकूर वाचून व समजावून दिला" ही ओळ, आणि कोणी वाचून दिला त्याचं नाव, वेगळं घ्या.

नेहमीची चूक अशी की आजी रविवारी घरी सही करतात, आणि मुलगी सोमवारी तो कागद ऑफिसला नेऊन दोन सहकाऱ्यांच्या सह्या आणते. कागद दिसायला अगदी परफेक्ट. पण त्या दोघांनी आजींना पाहिलंच नाही, आजींच्या समोर सहीही केली नाही, त्यामुळे उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला हे मृत्युपत्र कोसळू शकतं. असं झालं असेल आणि आजी आज हयात असतील तर वाद घालू नका, नवीन प्रत काढून पुन्हा नीट सह्या घ्या.

*तपासा:* आज रात्री दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळं विचारलं की कुठे बसला होतात, आधी सही कोणी केली, तर उत्तर एकच येईल का?

व्हिडिओ काढावा का असं बरेच जण विचारतात. सक्ती नाही. काढला तर अखंड काढा, आजी स्वतःच्या शब्दांत बोलतायत असा. मागून कोणीतरी "सांग ना आई, फ्लॅट कोणाला" असं पढवताना ऐकू आलं की तोच व्हिडिओ समोरच्याच्या कामाचा.

७. स्टॅम्प, नोटरी, नोंदणी

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, साध्या कागदावर चालतं. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही. नोंदणीही ऐच्छिक आहे, नोंदणी नाही म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही.

तरी मी बहुतेकांना नोंदणी करा म्हणते. करणाऱ्याने स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, तेच दोन साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं सोबत घेऊन. फायदा असा की मूळ कागद हरवला तरी नोंद राहते, आणि ती व्यक्ती त्या दिवशी तिथे हजर होती हे दिसतं. पण "रजिस्टर झालं म्हणजे आता कोणी हात लावू शकत नाही" हे चूक आहे. साक्षीदार तपासावा लागतोच, संशय घेता येतोच, आणि आजींनी नंतर साध्या कागदावर नीट सह्या करून दुसरं मृत्युपत्र केलं तर ते नंतरचं चालतं, आधीचं रजिस्टर असलं तरी.

८. नंतर

मूळ प्रत अशा जागी ठेवा जिथे मृत्यूनंतर एक्झिक्युटरला पोचता येईल. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवली तर लॉकर उघडायलाच आधी कागदपत्रं लागतात. मजकूर कोणाला सांगायचा नसेल तर सांगू नका, कागद कुठे आहे ते मात्र एक्झिक्युटरला सांगा, आणि साक्षीदारांचे फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं, त्यालाही तशाच सह्या, तसेच दोन साक्षीदार. पण फ्लॅट विकला, लाभ घेणाऱ्यापैकी कोणी गेलं, एक्झिक्युटर परदेशात गेला असं काही झालं तर पुरवण्या जोडत बसू नका, नवीनच करा, आणि जुन्याच्या झेरॉक्स ज्यांच्या ज्यांच्याकडे दिल्यात त्यांच्याकडून परत मागवून घ्या.